थेंब मुरतो का?

भाचीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. बाळ पाच महिन्यांचं. आवाजात झोप नसल्याचा थकवा होता. "मावशी, मी घेतलेले कापडी डायपर गळतात गं. चांगले महागातले आहेत. आणि सासूबाईंनी साताऱ्याहून जुन्या सुती साडीचे लंगोट दिले होते, ते नव्हते गळत. पण ते आता इतके कडक झालेत की बाळाला बांधवत नाहीत. काय करू?" मी म्हटलं, रविवारी येते. फोन ठेवला, भाजी निवडून झाली, पण ते डोक्यातून जाईना. विकत आणलेलं गळतं, घरचं गळत नाही; पण घरचं कडक होतं. एकाच घरात, एकाच पाण्यात, एकाच बाळाखाली दोन कापडं दोन वेगळ्या तऱ्हेनं बिघडली होती, आणि त्या दोन बिघाडांचा एकमेकांशी संबंध असावा असं मला राहून राहून वाटत होतं.

माझी उमेदीची वर्षं इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये गेली. मागावरून उतरलेलं कोरं कापड आमच्याकडे यायचं, पिवळसर, किंचित तेलकट वासाचं, बोटांना खसखस लागणारं. त्यावर पाणी टाकलं की पाणी तसंच उभं राहायचं. कापूस म्हणजे पाणी पिणारा, हे आपण धरून चालतो, पण बोंडातून निघालेल्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. शंभर ग्रॅम कापसात मेण जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम, पण ते नेमकं पृष्ठभागावर असतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही. शिवाय मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कांजी लावलेली असते. आधी कांजी काढायची, मग कॉस्टिक सोड्यात कापड उकळून मेण काढायचं, आणि मग ते खरंच पाणी पितं का ते तपासायचं. तपासायची रीत साधी होती. कापड ताणून धरायचं, बोटभर उंचीहूनही कमी अंतरावरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि त्या थेंबाची चकाकी मावळेपर्यंत सेकंद मोजायचे. चांगलं उकळलेलं कापड एक-दोन सेकंदांत थेंब गिळायचं. मिनिटभर थेंब तसाच लकाकत राहिला तर अख्खा लॉट परत उकळायला जायचा.

हे आठवलं आणि आजीच्या लुगड्यांचं कोडंही उलगडलं. आमच्या घरात बाळ व्हायचं असलं की आई ट्रंक उघडून जुनी लुगडी आणि धोतरं काढायची. नवा तागा फाडून लंगोट केल्याचं मला आठवत नाही. जुन्याचं कारण काटकसर हे होतंच, त्या कापडात घरातल्या बाईचा हात आहे ही भावनाही होती. पण त्याखाली पक्कं कारण होतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या, आपटलेल्या, उन्हात वाळलेल्या कापडातलं मेण आणि कांजी कधीच निघून गेलेली असते. सूत झिजून विरविरीत होतं, तंतू मोकळे होतात, त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्या खुल्या होतात. पाणी धरणारी जागा तीच. ज्यांच्याकडे जुनं लुगडं नाही त्यांनी नवा मलमल किंवा मांजरपाट आणला तर तो बाळाला लावण्याआधी पाच-सहा वेळा गरम पाण्यात पावडर घालून धुवावा लागतो, आणि दर धुण्यानंतर थेंब टाकून बघावा लागतो. दुकानात मऊ लागतो म्हणून तो पाणी पिईल असं नाही.

हाताला मऊ लागणं आणि पाणी पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रविवारी मी कानात घालायच्या औषधाचा रिकामा ड्रॉपर धुऊन पर्समध्ये टाकला आणि गेले. भाचीची सोसायटी पुण्याच्या पूर्वेकडे, पाणी बोअरचं आणि टँकरचं. बाथरूमचे नळ पांढऱ्या खपल्यांनी भरलेले, आरसा ठिपक्याठिपक्यांचा. बाल्कनीत दोरीवर लंगोट वाळत होते आणि वाऱ्यानं हलताना त्यांचा आवाज येत होता, कापडाचा येऊ नये तसा. मी पहिल्यांदा विकतच्या डायपरमधली आतली पट्टी घेतली. बाहेरचं आवरण पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या पॉलिएस्टरचं, आत घालायची पट्टी मायक्रोफायबरची, म्हणजे पॉलिएस्टरच्या अतिबारीक तंतूंची, वरून बांबूच्या व्हिस्कोसचा एक थर. हात लावला तर लोण्यासारखी मऊ. त्यावर थेंब सोडला. थेंब गोल होऊन बसला आणि पट्टी तिरकी केल्यावर घरंगळत खाली गेला. मग त्याच पट्टीच्या दोन्ही टोकांना थेंब टाकले. तिथे ते मुरले, पण रेंगाळत. मध्यभागी मात्र पाणी आत जायला तयारच नव्हतं.

मी विचारलं, "बाळाला तेल कुठलं लावतेस?" खोबरेल, अंघोळीआधी भरपूर. रॅशसाठी झिंक ऑक्साइडचं मलम, दर बदलाला. आणि डायपर धुताना शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण, म्हणजे सॉफ्टनर. तो ती का घालू लागली? तर सासूबाईंचे लंगोट कडक झाले म्हणून. "मला भीती वाटली, हेही कडक होतील." म्हणजे माझा तो संशय खरा होता. लंगोट कडक झाले, त्यावर उपाय म्हणून सॉफ्टनर आला, आणि त्या उपायानं डायपर गळायला लागले.

सॉफ्टनर काय करतो हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं, घरी मात्र बाटलीवर कोणी एवढं सविस्तर लिहीत नाही. पाण्यात असताना कापसावर किंचित ऋण भार असतो. सॉफ्टनरमधल्या रेणूंचं डोकं धन भाराचं आणि शेपूट चरबीचं. डोकं कापडाला चिकटतं, शेपट्या बाहेर राहतात. तंतूंवर चरबीचा पातळ लेप चढतो, ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून हाताला मऊ लागतं. पण ही शेपूट पाण्याला दूर ठेवते. जे मेण आम्ही कारखान्यात कॉस्टिक उकळून काढत होतो, त्याचंच काम हा लेप पुन्हा करू लागतो. टॉवेलला सॉफ्टनर लावला की अंग नीट पुसलं जात नाही, त्याचंही हेच कारण. तेल आणि मलम हा याच जातीचा दुसरा लेप, फक्त तो बाळाच्या अंगावरून येतो आणि जिथे बाळ बसतं तिथेच, मध्यभागी, साचतो. सगळ्या पट्टीवर थेंब रेंगाळला तर धुण्यात काहीतरी चुकतंय, फक्त मधेच अडला तर तेल-मलम आहे, एवढं निदान ड्रॉपरनं होतं.

पण लेप काढला तरी मायक्रोफायबरची अडचण पूर्ण जात नाही, आणि ती भाचीला दाखवावी म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला. तिच्याकडे अजून न वापरलेली एक पट्टी होती. ती साध्या पावडरनं गरम पाण्यात धुऊन वाळवली. मग ती पट्टी आणि जुन्या साडीच्या तुकड्याची साधारण तेवढ्याच वजनाची घडी शेजारीशेजारी ठेवली. एवढ्या बाळाची एका वेळची लघवी अंदाजे चाळीस मिली धरून तेवढं पाणी दोन्हींवर ओतलं. मायक्रोफायबरनं ते क्षणात घेतलं, साडीनं थोडं सावकाश. मग दोन्हींखाली कोरडे पंचे घातले आणि वरून तळहातानं दाबलं, बाळ बसल्यावर दाब पडेल तितकं. मायक्रोफायबरखालचा पंचा चांगलाच ओला झाला. साडीखालचा दमट झाला. कारण असं की पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही. एरवी हवेतूनच कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मायक्रोफायबर पाणी धरतं ते फक्त तंतूंमधल्या फटींत, आणि दाबल्यावर फट मिटते तेव्हा पाणी बाहेर पडतं. कापसात काही पाणी फटींत असतं, काही थेट तंतूच्या आत जाऊन तंतू फुगवतं. आतलं पाणी तळहाताच्या दाबानं निघत नाही. दुपट्यावर उताणं पडलेलं बाळ आणि मांडीवर बसलेलं किंवा झोळीत दुमडलेलं बाळ यांच्यात म्हणूनच फरक पडतो. दुपट्यावर गळत नाही, कडेवर घेतल्यावर गळतं, असं कोणी सांगितलं की मी आधी पट्टी कशाची आहे ते विचारते.

उलट गळणंही असतं. बाळ मोठं होतं तशी लघवी थेंबथेंब न होता एकदम जोरात होते. तेव्हा घट्ट विणीचं, सावकाश पिणारं कापड वर असेल तर पाणी मुरण्याआधीच पृष्ठभागावरून वाहून मांडीच्या कडेनं निघून जातं. पट्टी काढून पाहावी तर अर्धी कोरडी आणि बाळाचं झबलं ओलं. अशी अर्धी कोरडी पट्टी दिसली की अजून थर घालून उपयोग नसतो. वरचा थर बदलावा लागतो. विरविरीत, मोकळ्या विणीचं कापड अंगाकडे आणि दाट कापड त्याखाली. पाणी मोठ्या पोकळ्यांतून लहान पोकळ्यांकडे ओढलं जातं, म्हणून खालचं दाट कापड वरच्या सैल कापडाला हळूहळू रिकामं करतं आणि पुढच्या वेळेसाठी तिथे जागा होते. रात्रीसाठी भाचीला हीच रचना करून दिली. वर जुन्या साडीची चार पदरी घडी, खाली टर्किश टॉवेलचा तुकडा. मुलगा असल्यामुळे घडीचा जाड भाग पुढे. मुलगी असती तर तो मधोमध ठेवला असता.

आता सासूबाईंचे लंगोट. ते मी हातात घेतले तेव्हा मला थोडं गलबलून आलं. त्या बाईंनी स्वतःची साडी मापानं फाडली होती, कडा हातानं दुमडून बारीक धावदोरा घातला होता, आणि ते कापड आता बोटाला बोचत होतं. रंग करडा झालेला. दुमडलं की दुमड तशीच राहत होती. थेंब टाकला तर सगळीकडे सारखाच, बराच वेळ रेंगाळून मुरला. साताऱ्याला हेच लंगोट आधी नणंदेच्या बाळाला वापरले होते, तेव्हा मऊ होते. बदललं होतं फक्त पाणी. भाची ते हातानं, कपड्यांच्या वडीनं धूत होती, कारण "लहान बाळाचे कपडे मशीनमध्ये नको" असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

मी तिच्याकडून काचेची बाटली घेतली, त्यात नळाचं पाणी आणि साबणाचा किस घालून हलवलं. फेस जवळपास नाही, पाणी दुधट, आणि त्यात पांढरे कण तरंगायला लागले. पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेऊन तेच केलं तर भरघोस फेस आला. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा न विरघळणारा चोथा करतात. तो खळखळून निघत नाही, उलट जितकं खळबळाल तितकं नवं कॅल्शियम येतं आणि उरलेल्या साबणाचाही चोथा होतो. तो तंतूंच्या फटींत बसतो, चिकट असल्यामुळे मळ धरतो, पाण्याला अडवतो आणि वाळल्यावर कापड ताठ करतो. आणि भाची निष्ठेनं ते लंगोट रोज उकळत होती. बोअरच्या पाण्यात उकळलं की क्षारांचा जो थर बंबाच्या आत जमतो तोच कापडावरही जमतो. जंतू मरत होते, पण दर उकळीला कापडावर चुना चढत होता.

सगळा कडकपणा चुन्याचा नसतो हेही सांगायला हवं. स्वच्छ, गोड्या पाण्यात धुतलेलं सुती कापड वारा नसलेल्या जागी वाळलं तरी ताठ होतं. २०२० साली जपानच्या काओ कंपनीतल्या आणि होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं कारण मांडलं: वाळलेल्या वाटणाऱ्या कापसाच्या पृष्ठभागावरही थोडं पाणी बांधलेलं राहतं आणि ते शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवतं. हा ताठपणा हातानं चोळलं, दोन झटके दिले की मोडतो. चोळून मऊ झालं तर ते वाळण्याचं आहे, चोळूनही करकरीत राहिलं आणि थेंबही रेंगाळला तर पाण्यातला क्षार आणि साबण. आई वाळत घालताना प्रत्येक लंगोट फटाफट झटकायची आणि काढताना पुन्हा हातावर चोळायची. घड्या घालता घालता तिचे हात ते करत राहायचे.

लंगोट पुन्हा मऊ करायचे कसे? अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबाचं सत्त्व, विरघळवून आम्ही ते तासभर बुडवून ठेवले. चुना त्यात विरघळतो. साबणाचा चोथा मात्र विरघळत नाही, आम्लानं त्यातलं कॅल्शियम सुटतं आणि मागे चरबी उरते. बादलीच्या पाण्यावर तेलकट साय दिसली ती तीच. म्हणून इथेच थांबून लंगोट वाळत घातले तर ते मऊ होतील आणि तरीही गळतील. आम्लाचं पाणी टाकून, खळबळून, लगेच मशीनमध्ये पावडर घालून साठ अंशांवर धुवावंच लागतं, त्यात ती चरबी निघते. साबणाच्या वडीपेक्षा पावडर किंवा लिक्विड डिटर्जंट जड पाण्यात बरं, कारण त्याचा असा चोथा होत नाही. एक मात्र पक्कं: सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही येऊ द्यायचे नाहीत, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन वेळा असं केल्यावर थेंब टाकला. मुरला, पटकन. भाचीनं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा टाकून बघितला. विकतच्या पट्ट्यांना आम्ल लागलं नाही. मधल्या तेलकट भागाला भांडी घासायचं लिक्विड चोळून, खळबळून, सॉफ्टनर न घालता दोनदा गरम धुतलं. त्यांचा थेंब आता चार-पाच सेकंदांत जातो. तेवढं पुरे.

हे सगळं करताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा एका गोष्टीकडे जात होतं. विकतची पट्टी म्हणजे शिवून एक केलेले पाच-सहा थर. साडीचा लंगोट म्हणजे एकच थर, जो बांधताना घडी घालून आठ पदरी होतो आणि धुताना पुन्हा एकपदरी. कापड पाणी किती धरेल हे थरांवर अवलंबून असतं, पण ते स्वच्छ किती होईल हे थर किती सुटे होतात त्यावर. शिवलेल्या जाड पट्टीच्या पोटात साबणही राहतो आणि लघवीचा अंशही. जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. रात्रभर बांधलेल्या लंगोटाला सकाळी वास येणं साहजिक आहे, पण धुऊन वाळवलेली पट्टी बाळानं ओली करताक्षणी भपकारा मारत असेल तर ती आतून धुतली गेलेलीच नाही. अशा वेळी बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतून भागत नाही, मळ निघाल्याशिवाय जंतुनाशक आत पोचतच नाही. शी झालेली असेल तर ती आधी थंड पाण्यानंच काढायची, गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. मग थोड्या पावडरनं एकदा, आणि मग पूर्ण पावडर घालून गरम पाण्यात दुसऱ्यांदा. पहिल्या धुण्याचं घाण पाणी सोडून दिलं की दुसरं धुणं खऱ्या अर्थानं धुणं होतं. आणि बादलीत दोन-दोन दिवस भिजत घालणं बंद, त्यात जंतू वाढण्यापलीकडे काही होत नाही. नीट धुऊनही बाळाची लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर लंगोटाचा नाद सोडून डॉक्टरकडे.

पावसाळ्यात या एकपदरी कापडाचं मोल अजून कळतं. कोकणात माझ्या मावशीकडे श्रावणात ओटीवर आडव्या काठ्या बांधलेल्या असायच्या, आणि एकेरी पसरलेलं लुगड्याचं कापड चुलीच्या उबेनं रात्रीत वाळायचं. जाड दुपटी तीन-तीन दिवस दमट राहायची आणि त्यांना कुबट वास यायचा. मावशी पागोळ्यांखाली हंडे लावून ठेवायची आणि शेवटचं खळबळणं त्या पाण्यात करायची. "विहिरीच्या पाण्यात साबण फाटतो," एवढंच ती म्हणायची. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. भाचीच्या बाल्कनीत पागोळ्या नाहीत, पण पावसात गच्चीच्या पाइपखाली एक पिंप लावायला सोसायटी हरकत घेणार नाही असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

मला हेही दिसतं की हे सगळं करायला कोणाचे तरी हात लागतात आणि बहुधा ते बाईचेच असतात. भाची प्रवासाला आणि कधीकधी रात्रीही टाकाऊ डायपर वापरते, आणि मी त्यावर काही बोलत नाही. टँकर चुकला त्या दिवशी लंगोट कशात धुणार? पण तिच्या सासूबाईंना तिनं व्हिडिओ कॉलवर ते मऊ झालेले लंगोट दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अजून चार फाडून पाठवते. तीच साडी आहे उरलेली."

काल पुन्हा फोन होता. सगळं ठीक आहे, पण डाव्या मांडीकडून अजूनही झबल्याला ओल लागते. पट्टी मधोमध ओली, वरचा थर चांगला पितो, दाबल्यावरही फार सुटत नाही, थेंबाची परीक्षा पास. मी तिला आवरणाच्या कडेचा फोटो मागितला. रबराच्या पट्टीबाहेर साडीच्या घडीचा बोटभर कोपरा डोकावत होता. आवरण कितीही पक्कं असलं तरी तेवढा कोपरा पाणी शोषून बाहेर आणतो आणि झबलं त्या कोपऱ्यातून ते ओढून घेतं. तिला म्हटलं, बांधून झालं की दोन्ही मांड्यांभोवती रबराखालून बोट फिरव आणि कापड सगळं आत ढकल. आज रात्री एवढंच करून बघ.